लाखाला हप्ता किती? पहिल्या गाडीचं कर्ज ठरवण्याचा हिशोब, नाशिकच्या एका घराचं उदाहरण घेऊन

शोरूममध्ये कर्जाची बोलणी सुरू झाली की समोरचा माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: "सर, महिन्याला किती जमेल?" तुम्ही म्हणता, अकरा-बारा हजार. तो कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवतो आणि सांगतो, "मग काय, बसतंय की! सात वर्षं करून देतो, अकरा हजारात गाडी दारात." तो खोटं बोलत नाही. अकरा हजारात गाडी खरंच दारात येते. फक्त त्या अकरा हजारांत मुदत किती वाढली आणि व्याज किती वाढलं, हे त्या टेबलावर कोणी बोलत नाही.

पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने हा हिशोब उलट्या बाजूने करावा. आधी मुदत ठरवायची, मग झेपणारा हप्ता, आणि त्यातून कर्जाची रक्कम काढायची. गाडी कोणती घ्यायची ते त्यानंतर.

आधी लाखाचा हिशोब

कर्ज कितीही रकमेचं असो, एक लाखाला हप्ता किती आणि एक लाखाला एकूण व्याज किती, एवढं कळलं की बाकी सगळा गुणाकार आहे. व्याजदर 9 टक्के धरू. तुमचा दर तुमच्या सिबिल स्कोअरवर आणि बँकेवर ठरेल, थोडा वर-खाली होईल, पण खालच्या आकड्यांचा कल बदलणार नाही.

| मुदत | लाखाला हप्ता (रु.) | लाखाला एकूण व्याज (रु.) |
|---|---|---|
| 3 वर्षं | 3,180 | 14,480 |
| 4 वर्षं | 2,489 | 19,450 |
| 5 वर्षं | 2,076 | 24,550 |
| 6 वर्षं | 1,803 | 29,780 |
| 7 वर्षं | 1,609 | 35,150 |

आता उजवा रकाना वरून खाली वाचा. मुदत एक वर्षाने वाढली की लाखामागे साधारण पाच हजार रुपये व्याज वाढतं. तिसऱ्यावरून चौथ्या वर्षाला जा किंवा सहाव्यावरून सातव्याला, वाढीव वर्षाची किंमत जवळपास तेवढीच, शेवटी शेवटी किंचित जास्तच.

मधला रकाना मात्र असा चालत नाही. तीनाचं चार वर्षं केलं तर लाखामागे हप्ता 691 रुपयांनी उतरतो. चाराचं पाच केलं तर 413 ने. पाचाचं सहा केलं तर 273 ने. सहाचं सात केलं तर फक्त 194 ने. म्हणजे प्रत्येक वाढीव वर्षाला पैसे तेवढेच मोजायचे आणि दिलासा मात्र दर वेळी कमी मिळतो. सातवं वर्ष हा या यादीतला सगळ्यात महाग सौदा आहे, आणि शोरूममध्ये सगळ्यात आधी तोच पुढे केला जातो.

माझं मत यावरूनच बनलेलं आहे. मुदत चार वर्षं धरावी, फार तर पाच. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर मुदत कमी पडते आहे असं समजू नये, कर्ज मोठं झालं आहे असं समजावं.

तुम्हाला मिळालेल्या दराने स्वतः पडताळायचं असेल तर मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका. 9% च्या जागी तुमचा दर आणि 60 च्या जागी महिने:

```
=PMT(9%/12,60,-100000)
```

मग घराचा हिशोब

उदाहरणाला एक घर घेऊ. पाथर्डी फाट्याजवळ स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारं जोडपं. तो अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात, ती शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून हातात 85 हजार येतात. घराचा हप्ता 21 हजार. किराणा, मुलांची फी, वीज, औषधं, दुचाकीचं पेट्रोल असं सगळं धरून 34 हजार. विमा आणि एसआयपी मिळून 10 हजार. उरतात 20 हजार.

इथे बहुतेक जण चुकतात. उरलेले 20 हजार म्हणजे हप्त्याची ऐपत, असं धरतात. पण गाडी हप्त्यावर चालत नाही, पेट्रोलवर चालते. हे घर महिन्याला 800 किलोमीटर गाडी फिरवेल असं धरू: शाळा, बाजार, महिन्यातून एकदा चांदवडला गावी, कधी त्र्यंबक. लिटरला 16 किलोमीटरने 50 लिटर पेट्रोल लागेल, लिटरला 105 रुपये धरले तर 5,250. दरवर्षीचं विम्याचं नूतनीकरण आणि सर्व्हिसिंग मिळून 30 हजार धरले तर महिन्याला 2,500. झाले पावणेआठ हजार. पहिल्या वर्षी सर्व्हिसिंगचा खर्च फारसा येत नाही म्हणून हा आकडा कमी धरायचा मोह होतो. तो टाळा, कारण चौथ्या-पाचव्या वर्षी टायर आणि बॅटरी एकदमच निघतात.

म्हणजे हप्त्याला उरले सव्वाबारा हजार. आपण 12 हजार धरू.

आता हे 12 हजार लाखाच्या हप्त्याने भागायचे. चार वर्षांच्या मुदतीत 12,000 भागिले 2,489, म्हणजे 4 लाख 82 हजार. पाच वर्षांत 5 लाख 78 हजार. सात वर्षांत 7 लाख 46 हजार. शोरूमवाला ज्या आकड्याला "बसतंय" म्हणाला, तो हा शेवटचा. या घराची कर्जाची खरी मर्यादा पावणेपाच ते पावणेसहा लाख आहे.

गाडीची पूर्ण किंमत मांडा

त्यांना आवडलेल्या पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत 8 लाख आहे असं धरू. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स एकरकमी लागतो, म्हणजे 88 हजार. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे पहिला विमा जड असतो. तो 40 हजार धरू. नोंदणी, फास्टॅग आणि किरकोळ मिळून 12 हजार. एमएच-15 ची पाटी लागून गाडी घरी येईपर्यंत 9 लाख 40 हजार.

कोटेशन हातात आलं की त्यातली प्रत्येक ओळ वाचा. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून दर काढून आणले की तिथलाही आकडा बरेचदा खाली येतो. हॅन्डलिंग चार्जेस किंवा सक्तीचं अॅक्सेसरी पॅकेज दिसलं तर ते काढायला सांगा. तीस हजारांचं पॅकेज कर्जात गेलं की पाच वर्षांत त्यावर सात हजार व्याज चढतं, आणि सीट कव्हर तर त्याआधीच फाटलेलं असतं.

बँकेत त्यांच्याकडे साडेचार लाख आहेत. पण त्यातले दोन लाख हलवायचे नाहीत. घराचा हप्ता, घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून महिन्याला 67 हजार लागणार, त्याचे तीन महिने म्हणजे साधारण दोन लाख. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला किंवा कोणी आजारी पडलं तर हप्ता चुकू नये म्हणून ही रक्कम आहे. एक हप्ता चुकला की दंड लागतो, शिवाय सिबिलवर डाग पडतो, आणि पुढे घराच्या कर्जाचा दर कमी करून घ्यायला गेलात की तो डाग आडवा येतो.

उरले अडीच लाख डाउन पेमेंटला. 9.40 मधून 2.50 गेले की 6 लाख 90 हजारांचं कर्ज लागतं. मर्यादा मात्र पावणेसहा लाखांची. मधे 1 लाख 15 हजारांची दरी आहे, आणि सात वर्षांची मुदत नेमकी ही दरी झाकायला वापरली जाते.

दरी भरायचे दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे एक पायरी खालचं व्हेरियंट. एक्स-शोरूम 7 लाख 10 हजारांचं मॉडेल घेतलं तर टॅक्सही त्याच प्रमाणात उतरतो आणि गाडी साधारण 8 लाख 35 हजारांत पडते. कर्ज 5.85 लाख, पाच वर्षांत हप्ता 12,145. जवळपास बसलं. सनरूफ गेलं. नाशिकच्या उन्हाळ्यात ते किती वेळा उघडलं असतं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. सहा महिने थांबायचं आणि गाडी आली आहे असं समजून पैसे बाजूला काढायचे. हप्त्याचे 12 हजार आणि चालवायच्या खर्चाचे पावणेआठ हजार, मिळून जवळपास 20 हजार, पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांत 1 लाख 20 हजारांच्या आसपास जमतात, आपण तेवढेच धरू. शिवाय हा हप्ता झेपतो की नाही, याची खरी परीक्षा होते. तिसऱ्या महिन्यातच त्या खात्यातून पैसे काढावे लागले तर उत्तर मिळालंच, आणि तेही कुठल्याही करारावर सही करण्याआधी.

सहा महिन्यांनी डाउन पेमेंट 3.70 लाख झालं. तीच 9.40 ची गाडी, कर्ज 5.70 लाख, पाच वर्षं. हप्ता 11,833, एकूण व्याज 1 लाख 40 हजार.

आता शोरूमवाल्याच्या पर्यायाशी तुलना करा. 6.90 लाख, सात वर्षं: हप्ता 11,102, एकूण व्याज 2 लाख 42 हजार. हप्त्यात फरक महिन्याला 731 रुपयांचा. व्याजात फरक 1 लाख 2 हजारांचा. 6.90 लाखच कर्ज घेतलं असतं पण पाच वर्षांत फेडलं असतं, तर व्याज 1 लाख 69 हजार झालं असतं. म्हणजे वाचलेल्या पैशांतले 73 हजार निव्वळ मुदतीतले आहेत, आणि उरलेले 29 हजार कर्ज कमी घेतल्याचे.

"थांबलो तर गाडी महागेल" हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. महागू शकते, जानेवारीत कंपन्या बरेचदा भाव वाढवतात. पण 3 टक्क्यांनी वाढली तरी 8 लाखांवर 24 हजार आणि त्यावरचा टॅक्स, मिळून 27 हजारांच्या आत. एक लाखाच्या बचतीपुढे तो सोसवतो. दुसरा सल्ला असा मिळतो की एफडी मोडू नका, कर्जच जास्त घ्या. एफडीचं व्याज कर्जाच्या दरापेक्षा कमी असतं आणि त्यावर आयकरही लागतो. आपत्कालीन दोन लाख सोडून उरलेली एफडी ठेवून 9 टक्क्यांनी कर्ज काढण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

गाडीची किंमत आधी घसरते की कर्ज?

हे तपासायला विम्याच्या पॉलिसीत एक आकडा असतो, आयडीव्ही. गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी याच आकड्याच्या आधाराने पैसे देते. एक्स-शोरूम किमतीवर घसारा धरून तो ठरतो: गाडी एक वर्षाची झाली की 20 टक्के, दोन वर्षांची झाली की 30, तीन वर्षांची झाली की 40 टक्के. लक्षात घ्या, रोड टॅक्स आणि विम्याला दिलेले पैसे यात कुठेच नाहीत. ते पहिल्या दिवशीच खर्ची पडलेले असतात.

समजा कोणी "शंभर टक्के ऑन-रोड फायनान्स" घेतलं, 9.40 लाख सात वर्षांसाठी. तीन वर्षं इमानदारीने हप्ते भरूनही 6 लाख 8 हजार बाकी असतात. गाडीचा आयडीव्ही तेव्हा 4 लाख 80 हजार. गाडी कसारा घाटात खाली गेली तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, कारण आरसी बुकावर तिचा बोजा असतो, आणि वरचे सव्वा लाख तुम्ही नसलेल्या गाडीसाठी भरत बसता. गाडी विकायची झाली तरी हीच अडचण. आपल्या जोडप्याच्या 5.70 लाखांच्या कर्जात तीन वर्षांनी बाकी फक्त 2 लाख 59 हजार असते, त्यामुळे विकायची वेळ आली तरी हातात काहीतरी उरतं.

म्हणून रोड टॅक्स, विमा आणि नोंदणी हे सगळं खिशातून द्या, आणि एक्स-शोरूममधलाही काही भाग. त्याहून जास्त कर्ज घ्यावंच लागत असेल तर विम्यात "रिटर्न टू इन्व्हॉइस" हे कवच निदान पहिली तीन वर्षं घ्या.

सही करण्याआधीचा कागद

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जासाठी केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी एकत्र सांगणारा कागद, द्यावाच लागतो, आणि तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. मराठीत मागा. त्यात एपीआर हा आकडा शोधा. प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गळ्यात बांधलेला विमा धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांनी पडतं, ते यात दिसतं. दर 9 टक्के आणि एपीआर 10 च्या वर दिसला तर मधला एक टक्का कशाचा, हे विचारा. बरेचदा उत्तर "लोन सुरक्षा" नावाच्या विम्यात सापडतं. तो ऐच्छिक असतो.

दुसरा फसवा शब्द म्हणजे फ्लॅट रेट. जुन्या गाड्यांच्या आणि दुचाकीच्या कर्जात तो जास्त चालतो. "साडेपाच टक्के फ्लॅट" ऐकायला 9 टक्क्यांपेक्षा स्वस्त वाटतं. पण फ्लॅटमध्ये शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज धरतात, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. लाखावर साडेपाच टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज 27,500, म्हणजे लाखाला हप्ता 2,125. वरच्या तक्त्यात 9 टक्क्यांना 2,076 आहे. हे साडेपाच टक्के घटत्या शिलकीच्या हिशोबाने 10 टक्के निघतात. म्हणून टक्क्यांवर वाद घालूच नका. "लाखाला हप्ता किती, किती महिने?" एवढंच विचारा. पतसंस्था असो की बँक, या उत्तरात लपवायला जागा नसते.

तिसरी गोष्ट, मुदतीआधी फेडण्याचा आकार. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या, वैयक्तिक वापराच्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर तो घेता येत नाही. पण वाहनकर्जं बरीचशी फिक्स्ड दराची असतात आणि त्यांना हा नियम लागू नाही. आकार किती, पहिले किती महिने पार्ट पेमेंट घेत नाहीत, वर्षातून किती वेळा घेतात, हे लेखी घ्या.

हे महत्त्वाचं, कारण पार्ट पेमेंट हाच लांब मुदतीवरचा उतारा आहे. आपल्या जोडप्याने वर्षभराने दिवाळीच्या बोनसमधून 60 हजार भरले असं धरू. बँक विचारते, हप्ता कमी करू की मुदत? हप्ता कमी केला तर पुढच्या चार वर्षांत साधारण 11,700 रुपये व्याज वाचतं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर कर्ज सात महिने आधी संपतं आणि जवळपास 24 हजार वाचतात. काही ठिकाणी न विचारताच हप्ता कमी करून टाकतात, म्हणून अर्जावर "मुदत कमी करावी" असं स्वतः लिहा आणि नवं वेळापत्रक मागून घ्या.

ज्यांचं उत्पन्न पगारी नाही त्यांच्यासाठी माझा चार-पाच वर्षांचा आग्रह थोडा सैल होतो. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्याचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, आणि हप्ता मात्र दरमहा कापला जातो. त्याने सहा वर्षांची मुदत घेऊन हप्ता हलका ठेवावा, आणि माल चांगला गेला त्या वर्षी मोठं पार्ट पेमेंट करावं. अट एकच, कर्ज बिनआकाराचं फ्लोटिंग हवं. आकार असेल तर हा डाव उलटतो.

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं वाटतं, पण आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या, आणि पेठ रोडच्या आरटीओमध्ये बोजा उतरवून घ्या. एनओसीची मुदत बहुधा 90 दिवसांची असते, तेव्हा ती कपाटात ठेवू नका. पॉलिसीवरही बँकेचं नाव असतं, तेही त्याच आठवड्यात काढून घ्या.